डेअरीवाल्याशी दुधाचा करार कसा करायचा: फॅट टेस्टिंग, दर बदल आणि दहा दिवसांचं पेमेंट, स्टेप बाय स्टेप

करार करताना बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात, "लिटरला किती देणार?" समोरचा म्हणतो चौतीस, आपण म्हणतो पस्तीस द्या, मग साडेचौतीसला सौदा ठरतो आणि सही होते. पण तो चौतीस-पस्तीसचा आकडा फक्त ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफच्या, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांच्या, दुधाचा असतो, आणि गोठ्यातलं एचएफ गाईचं दूध रोज बरोबर तेवढंच लागत नाही. खरा भाव ठरतो टेस्टिंग कशी होते, एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, किती कापतात, दर कधी बदलू शकतो आणि पैसे कधी येतात यावर, आणि नेमकं हेच तोंडी राहतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. दहा-बारा गाईंचा गोठा, दोन्ही वेळचं मिळून रोज १२० लिटर गाईचं दूध, घेणारी खासगी डेअरी आणि तिचं गावातलं संकलन केंद्र. बेस दर ३४ रुपये धरलाय, तो फक्त हिशोबासाठी. तुमच्याकडचा आजचा दर घालून आकडेमोड करा.

## १. बोलणी करायच्या आधी वीस दिवसांची वही

आपलं दूध काय लागतं हे माहीत नसताना बोलायला बसू नका. दोन पगारांचा, म्हणजे वीस दिवसांचा रेकॉर्ड ठेवा. सकाळ-संध्याकाळ वेगवेगळी नोंद: लिटर, फॅट, एसएनएफ, सीएलआर म्हणजे लॅक्टोमीटरचं तापमान दुरुस्त केलेलं रीडिंग, आणि मिळालेला दर. सध्या जिथे दूध घालताय तिथल्या स्लिपा जपून ठेवल्या असतील तर वहीचं अर्धं काम झालंच.

या वहीतून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे तुमचं दूध कुठे मार खातं. बऱ्याच एचएफच्या गोठ्यात फॅट ३.५ च्या वर निघतं पण एसएनएफ ८.२, ८.३ वर अडकतं, उन्हाळ्यात आणखी खाली येतं, कारण गाई उन्हानं खात नाहीत आणि हिरवा चाराही कमी असतो. अशा गोठ्याला बेस दरापेक्षा एसएनएफची कपात किती आहे हे जास्त महत्त्वाचं. दुसरं म्हणजे फॅट अचानक एका दिवसात ३.९ चं ३.३ झालं तर ते गाईमुळे की मशीनमुळे हे विचारायला तुमच्याकडे मागचे आकडे असतात.

तपासा: वहीतल्या एसएनएफची सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची नोंद गोल करून ठेवा. चौथ्या टप्प्यात दरपत्रक बघताना हेच दोन आकडे लागणार आहेत.

## २. सही नक्की कोणाची पाहिजे

गावातला केंद्रवाला हा पुष्कळदा कमिशनवर काम करणारा संकलक असतो, दूध डेअरी घेते, त्याला लिटरमागे कमिशन मिळतं. करार त्याच्याशी केला आणि डेअरीनं पैसे थकवले की तो म्हणतो वरून आले नाहीत मी कुठून देऊ, आणि डेअरी म्हणते आमचा तुमच्याशी काही व्यवहारच नाही. म्हणून आधी तीन कागद बघा: दुधाच्या स्लिपवर नाव कोणाचं आहे, फूड सेफ्टीचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे आणि बिलाचे पैसे कोणाच्या खात्यातून येतात. तिन्हीकडे डेअरीचं नाव असेल तर करार डेअरीशी करायचा, अधिकृत माणसाची सही आणि शिक्का घेऊन. केंद्रवाला स्वतःच दूध विकत घेऊन पुढे विकत असेल तर त्याच्याशी करा, पण मग पैशाची जबाबदारी पूर्ण त्याची, असं स्पष्ट लिहा.

दूध तुमच्याकडून कुठल्या क्षणी त्यांचं होतं हेही इथेच ठरवून घ्या. केंद्रावर वजन झालं, टेस्ट झाली, स्लिप निघाली की दूध त्यांचं. त्यानंतर बल्क कूलर बंद पडला, टँकर उशिरा आला, चिलिंग सेंटरला दूध फाटलं, तर त्याची कपात तुमच्या बिलात नको. साधं वाक्य पुरे: "वजन व चाचणी होऊन पावती दिल्यानंतर दुधाच्या गुणवत्तेची व नुकसानीची जबाबदारी खरेदीदाराची राहील. दूध नाकारायचे असल्यास त्याच वेळी, कारण लिहून, दूध परत करून नाकारावे."

## ३. फॅट आणि एसएनएफ टेस्टिंगचं कलम

करारातला हा सगळ्यात मोठा भाग, आणि "टेस्टिंग डेअरीच्या पद्धतीप्रमाणे होईल" असं एका ओळीत तो संपवला असेल तर तिथेच थांबा. पद्धत कोणती, कोणासमोर, कशी, हे लिहायलाच पाहिजे.

सॅम्पल. किटली थोडा वेळ उभी राहिली की साय वर येते. वरून सॅम्पल घेतलं तर फॅट जास्त, तळातून घेतलं तर कमी. म्हणून सगळं दूध एका भांड्यात ओतून, ढवळून, मगच सॅम्पल घ्यायचं आणि तेही तुमच्यासमोर. टेस्ट झाल्यावर उरलेलं सॅम्पलचं दूध परत, हेही लिहून घ्या. रोज दोन वेळा कपभर दूध गेलं तर वर्षाचा हिशोब करून बघा, तो लहान नसतो.

मशीन. हल्ली बहुतेक केंद्रांवर अल्ट्रासॉनिक मिल्क अनालायझर असतो. त्याच्या तीन भानगडी माहीत पाहिजेत. गाय आणि म्हैस यांची सेटिंग वेगळी असते, चुकीच्या सेटिंगवर टेस्ट झाली तर आकडा चुकीचाच येणार. पाण्यानं धुतल्यावर नळीत थोडं पाणी राहतं, त्यामुळे धुतल्यानंतरचं पहिलं रीडिंग धरायचं नाही, पुन्हा टेस्ट घ्यायची. आणि दुधात फेस असेल किंवा दूध नुकतंच काढलेलं कोमट असेल तरी रीडिंग बिघडतं. याशिवाय मशीनमध्ये फॅट, एसएनएफ खाली-वर करायचं करेक्शन असतं, कॅलिब्रेशनसाठी ते लागतंच, म्हणून "करेक्शन बदलल्यास तारीख, जुना आकडा आणि नवा आकडा केंद्रावरच्या रजिस्टरमध्ये लिहावा व उत्पादकाला दाखवावा" हे कलम टाका. कोणावर संशय घ्यायची गरज उरत नाही, रजिस्टर बोलतं.

लॅक्टोमीटर वापरत असतील तर त्याच्यावर लिहिलेलं तापमान बघा, दूध त्यापेक्षा गरम असलं तर डिग्री कमी दाखवते. तापमानाची दुरुस्ती करूनच सीएलआर धरायचा, हे लिहून घ्या.

एसएनएफचा फॉर्म्युला. इथे सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात कमी लोक बघतात. सीएलआर आणि फॅटवरून एसएनएफ काढायचे एकापेक्षा जास्त फॉर्म्युले चालतात. दोन बघू:

पहिला: एसएनएफ = (सीएलआर ÷ ४) + (०.२१ × फॅट) + ०.३६
दुसरा: एसएनएफ = (सीएलआर ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४

दूध एकच, सीएलआर २८, फॅट ३.८. पहिल्या फॉर्म्युल्यानं ७ + ०.७९८ + ०.३६ म्हणजे ८.१५८. दुसऱ्यानं ७ + ०.९५ + ०.४४ म्हणजे ८.३९. आता पहिल्या डेअरीनं पुढचे आकडे कापून ८.१ धरलं आणि दुसरीनं जवळचा आकडा म्हणून ८.४ धरलं, तर एकाच किटलीत तीन पॉइंटचा फरक पडला. एसएनएफच्या पॉइंटला एक रुपया कपात असेल तर लिटरला तीन रुपये, १२० लिटरला रोज ३६०, आणि दहा दिवसांच्या पगारात ३,६०० रुपये. बेस दर दोन्हीकडे ३४ च लिहिलेला असेल!

म्हणून अमुकच फॉर्म्युला पाहिजे असा हट्ट धरण्यापेक्षा जो वापरतात तो करारात आकड्यांसकट लिहून घ्या, आणि दशांश कापणार की जवळच्या आकड्याला नेणार तेही लिहा. दोन डेअऱ्यांची तुलना करायची असेल तर एकाच वेळचं, नीट ढवळलेलं दूध दोन्हीकडे टेस्ट करून शेवटी लिटरला हातात किती पडतात ते बघा.

फेरतपासणी. आकडा पटला नाही तर काय, हे आधीच ठरलेलं पाहिजे, नाहीतर रोजची भांडणं होतात. फॅटसाठी गर्बर टेस्ट ही खात्रीची पद्धत. ब्युटायरोमीटरमध्ये आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, मग १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये पाचेक मिनिटं फिरवायचं आणि ६५ अंशाच्या पाण्यात ठेवून रीडिंग घ्यायचं. आम्ल आहे, प्रशिक्षित माणसानंच करायचं, पण समोर उभं राहून क्रम बघता आला पाहिजे. एक लक्षात ठेवा, गर्बरनं फक्त फॅट कळतं, एसएनएफच्या वादासाठी तापमान दुरुस्त केलेला लॅक्टोमीटर लागतो.

कलम साधारण असं लिहा: "उत्पादकाने मागणी केल्यास त्याच वेळी त्याच दुधाचे दोन सीलबंद नमुने घ्यावेत, एक उत्पादकाकडे व एक केंद्रावर थंड ठेवावा. गर्बर चाचणी त्याच दिवशी दोघांच्या संमतीच्या प्रयोगशाळेत करावी. मशीन व गर्बर यात ०.१ पेक्षा जास्त फरक आल्यास गर्बरचा आकडा धरावा, चाचणीचा खर्च खरेदीदाराने द्यावा व मागील कॅलिब्रेशनच्या तारखेपासूनच्या बिलात दुरुस्ती करावी. फरक ०.१ किंवा कमी असल्यास खर्च उत्पादकाने द्यावा." शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा, त्यामुळे समोरचा लवकर तयार होतो.

इशारा: "फेरतपासणी डेअरीच्या प्लँटवर होईल व तोच निर्णय अंतिम राहील" असं छापील करारात असतं. तिथे सही केली की वर लिहिलेल्या बाकी सगळ्याचा काही उपयोग नाही.

वजनाचं थोडक्यात. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा. दूध किलोत मोजून लिटरमध्ये पैसे देत असतील तर १ लिटर म्हणजे साधारण १.०३ किलो, कशानं भागतात ते लिहून घ्या.

## ४. दरपत्रक आणि दर बदलायची पद्धत

करारात बेस दर लिहून चालत नाही, पूर्ण दरपत्रक सोबत जोडायचं आणि त्याच्या प्रत्येक पानावर दोघांची सही. त्यात चार आकडे पाहिजेत: फॅट एका पॉइंटनं वाढलं तर किती वाढ, कमी झालं तर किती कपात, एसएनएफ वाढलं तर किती, कमी झालं तर किती. पॉइंट म्हणजे ०.१. वाढीला ३० पैसे आणि घटीला १ रुपया अशी दरपत्रकं सर्रास असतात, ज्याला आपण रिव्हर्स रेट म्हणतो. आता वहीतले ते गोल केलेले आकडे काढा आणि तुमच्या सगळ्यात खराब दिवसाला काय दर पडतो ते काढून बघा.

दर वाढला असं सांगून कपात कशी वाढते ते बघा. समजा तुमचं दूध ३.८ फॅट आणि ८.२ एसएनएफचं आहे.

जुनं दरपत्रक: बेस ३४, फॅटला पॉइंटमागे ३० पैसे वाढ, एसएनएफला पॉइंटमागे १ रुपया कपात. हिशोब ३४ + ०.९० − ३ = ३१.९० रुपये.

नवं दरपत्रक: बेस ३५, फॅट तेवढंच, एसएनएफची कपात दीड रुपया. हिशोब ३५ + ०.९० − ४.५० = ३१.४० रुपये.

ग्रुपवर मेसेज येतो की दर एक रुपयानं वाढला, सगळे खूश, आणि तुमचे दहा दिवसांत ६०० रुपये कमी झाले. म्हणून "दर बदल" या शब्दात बेस दर, वाढ, कपात, फॉर्म्युला आणि किमान मर्यादा हे सगळं येतं, असं करारात लिहा.

बदलाचा क्रम असा ठरवा:

१. नवं पूर्ण दरपत्रक किमान दहा दिवस आधी लेखी द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण कराराच्या वेळी दोघांनी कुठले नंबर धरायचे ते लिहायचं.

२. बदल फक्त १, ११ किंवा २१ तारखेपासून लागू, म्हणजे एका बिलात दोन दर येत नाहीत.

३. मागच्या तारखेपासून दर कमी करायचा नाही. आधी घातलेल्या दुधाचा दर त्या दिवशीच्या दरपत्रकानंच.

४. नवा दर मान्य नसेल तर उत्पादकानं त्या दहा दिवसांत कळवून करार सोडायचा, कुठलाही दंड नाही, आणि जुन्या दरानं शेवटचं बिल पूर्ण.

दुसरी वाट म्हणजे दर एखाद्या संदर्भाला बांधून ठेवणं, उदाहरणार्थ तालुक्यातल्या सहकारी दूध संघाच्या जाहीर दरापेक्षा इतके पैसे जास्त किंवा तेवढाच. हे चांगलं चालतं, पण संघाच्या दरपत्रकाशी कपातीसकट तुलना करायची असं लिहायला विसरू नका. आणि संघ वर्षाच्या शेवटी जो दरफरक देतो तो यात धरलाय की नाही तेही लिहा. खासगीवाला दिवाळीला फरक देऊ असं तोंडी म्हणत असेल तर लिटरला किती पैसे, कुठल्या महिन्यांच्या दुधावर आणि कधी, या तिन्ही गोष्टी कागदावर. नाहीतर तो फरक दरात धरूच नका.

तपासा: किमान मर्यादा काय आहे? काही दरपत्रकात ८.० एसएनएफच्या खाली एकदम मोठी कपात असते किंवा दूध घेतच नाहीत. तुमची उन्हाळ्यातली नोंद त्याच्या जवळ असेल तर त्या एका ओळीवर वेगळं बोला.

## ५. पेमेंट, कपाती आणि उचल

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं दहा दिवसांचं बिल असतं. पण "दहा दिवसांनी पेमेंट" हे वाक्य अर्धवट आहे. बिल दहा तारखेला बंद झालं, पैसे कधी? पंधराला की वीसला? लिटरला ३२ रुपये धरून हिशोब करा, दहा दिवसांचं बिल ३८,४०० रुपये. पैसे १५ तारखेला येत असतील तर त्या दिवशी तुमचे पंधरा दिवसांचे ५७,६०० अडकलेले असतात, वीसला येत असतील तर वीस दिवसांचे ७६,८००. डेअरी बुडाली किंवा मालक फोन उचलेनासा झाला तर एवढी रक्कम जाते, म्हणजे उशीर हा फक्त व्याजाचा प्रश्न नाही.

म्हणून तारीख लिहा: "बिल बंद झाल्यापासून पाच दिवसांच्या आत बँक खात्यात." सोबत दोन वाक्यं: उशीर झाल्यास ठरलेलं व्याज, आणि एक बिल ठरलेल्या तारखेच्या पुढे पाच दिवस थकलं तर उत्पादक दूध बंद करू शकतो, तो कराराचा भंग धरला जाणार नाही. दुसरं वाक्य व्याजापेक्षा कामाचं, कारण थकबाकी वाढू न देणं हेच खरं संरक्षण. वीस दिवस थकलेत तरी लाजेखातर दूध घालत राहणारे खूप आहेत, तसं करू नका.

मोठं दूध असेल तर एका बिलाएवढी अनामत किंवा चेक मागा. चेक न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. ती ३० दिवसांची मुदत "बघू, देतो म्हणालाय" करत घालवू नका, लगेच वकिलाकडे जा.

कपातीचं कलम आखडून लिहा. पेंड, पशुखाद्य, डॉक्टर, विमा, ठेव, काहीही कापायचं असेल तर त्या वस्तूच्या पावतीवर तुमची सही असलीच पाहिजे आणि बिलात प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. ठेव कापत असतील तर ती परत कधी मिळणार, व्याज किती, लिहून घ्या.

इशारा: उचल आणि दुधाचा करार एकाच कागदात नको. गाय घ्यायला पन्नास हजार उचल घेतली आणि "उचल फिटेपर्यंत दूध दुसरीकडे घालायचे नाही" अशी अट आली की दर कितीही पडला तरी तुम्ही हलू शकत नाही. वेगळा कागद करा, दर बिलातून किती कापायचे ते ठरवा, आणि उरलेली उचल रोख भरून कधीही मोकळं होता येईल असं लिहा.

## ६. कागद तयार करणं आणि सही

मुदत एक वर्ष ठेवा, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात येतो. करार स्टॅम्प पेपरवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा साध्या करारांना १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागतो. दोन साक्षीदार, दोन मूळ प्रती, एक तुमच्याकडे. "प्रत नंतर देतो" म्हटलं तर सही पण नंतर.

छापील फॉर्म असेल तर रिकाम्या जागा तशाच ठेवून सही करू नका, लागू नसेल तिथे रेघ मारा. खोडाखोड केली तर तिथे दोघांची सही. दरपत्रक, फॉर्म्युला, दोघांचे व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि बँक खात्याचा तपशील ही जोडपत्रं करारासोबत टाचून, त्यांचा उल्लेख मूळ करारात करायचा.

## ७. पहिलं बिल आलं की

पहिल्या दहा दिवसांच्या वीस स्लिपा घ्या आणि बिलाशी एकेक जुळवा. लिटरची बेरीज, प्रत्येक वेळचा फॅट-एसएनएफ, आणि दरपत्रकाप्रमाणे दर. कुठल्याही तीन स्लिपांचा एसएनएफ सीएलआरवरून स्वतः काढून बघा, करारातल्या फॉर्म्युल्यानं तोच आकडा यायला पाहिजे. नसेल येत तर सॉफ्टवेअरमध्ये दुसरा फॉर्म्युला बसवलेला आहे, किंवा मशीन एसएनएफ स्वतःच्या पद्धतीनं काढतंय आणि डेअरी तोच धरतेय. दोन्ही बाबतीत लगेच लेखी कळवा, कारण दोन-तीन बिलं गेली की "तुम्ही मान्य केलंच होतं" असं उत्तर मिळतं.

चूक सापडली तर केंद्रावर भांडत बसू नका. बिलाचा फोटो, चुकीच्या स्लिपांचे फोटो आणि तुमचा हिशोब करारात लिहिलेल्या नंबरवर पाठवा, पुढच्या बिलात दुरुस्तीची वेगळी ओळ मागा, आणि ती ओळ आली की नाही हे त्या बिलात बघा.